बावीस वह्यांतलं एक वाक्य

नाताळच्या सुट्टीत मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्गाचे सहामाहीचे पेपर तपासायला घेतले. घरात दुसरं काम नव्हतं. माझी बायको सुमित्रा ऑगस्टमध्ये काविळीने गेली. तेव्हापासून मला सुट्टी आवडत नाही. पेपर बावीस होते. मी ठरवलं, रोज दोनच तपासायचे, म्हणजे पुरतील.

पहिल्याच दिवशी सगळे तपासून झाले. कारण चौथ्या प्रश्नाचं उत्तर पहिल्या दोघांनी शब्द न् शब्द सारखं लिहिलं होतं. म्हणून तिसरा उघडला. त्यातही तेच. मग मी बाकीचे उघडत गेलो. बावीसही पेपरांत तेच वाक्य होतं, आणि ते चूक होतं.

प्रश्न असा होता: उत्प्रेरकाचा ॲक्टिव्हेशन एनर्जीवर, क्रियेच्या वेगावर आणि समतोलावर काय परिणाम होतो? रसायन न शिकलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. कुठलीही रासायनिक क्रिया व्हायची तर रेणूंना आधी एक चढण ओलांडावी लागते. त्या चढणीची उंची म्हणजे ॲक्टिव्हेशन एनर्जी. उत्प्रेरक दुसरी, कमी उंचीची वाट काढून देतो. म्हणून क्रिया लवकर होते. पण पुष्कळ क्रिया उलट्याही होतात. इकडून तिकडे जितकं जातं तितकंच तिकडून इकडे येऊ लागलं, की मिश्रण जिथल्या तिथे राहतं. हा समतोल. उत्प्रेरक असला की तिथे लवकर पोचता येतं. ती जागा मात्र बदलत नाही, कारण जाणाऱ्याची चढण जितकी कमी होते तितकीच येणाऱ्याचीही होते.

बावीस जणांनी लिहिलं होतं: "हे उघड आहे की उत्प्रेरक फक्त पुढे जाणाऱ्या क्रियेची चढण कमी करतो, आणि त्यामुळे समतोल पुढे सरकून माल अधिक मिळतो."

इंग्रजीतलं ते वाक्य चांगलं बांधलेलं होतं. चूक असूनही मला त्याची बांधणी आवडली, हे कबूल करतो.

आधी वाटलं, कॉपी केली. पण बावीस जणांवर लक्ष ठेवायला मीच उभा होतो आणि मालन पहिल्या बाकावर एकटी बसली होती. मालन म्हणजे विमा कंपनीतल्या वसंतरावांची मुलगी, वर्गातली एकुलती एक मराठी. ती कुणाचं बघून लिहिणारी नाही. मग वाटलं, हे बाजारातल्या गाईडमधून आलं असणार. दुसऱ्या दिवशी मी जयपूरच्या चौडा रस्त्यावर गेलो. तिथे पुस्तकांची दुकानं ओळीने आहेत. एका दुकानात उभ्याने सात गाईडं वाचली. दुकानदाराने स्टूल दिलं, मग चहा दिला, आणि शेवटी फार हळू आवाजात विचारलं की माट्साब, आपण स्वतः परीक्षेला बसता आहात का. सातही गाईडांत दुसऱ्या चुका भरपूर होत्या. ही चूक एकातही नव्हती.

जानेवारीत कॉलेज उघडलं त्या दिवशी प्राचार्य माथुरसाहेबांनी मला खोलीत बोलावलं. माणूस सज्जन. त्यांनी माझ्या तब्येतीची चौकशी केली, कोटाच्या बटणांकडे पाहिलं, आणि म्हणाले की खांबेटेजी, तुम्हाला विश्रांतीची गरज आहे. पुढच्या वर्षी ग्रंथालय तुमच्याकडे द्यायचा विचार आहे. शेवटच्या वर्गाचं रसायन कुणा तरुणाला देऊ.

मी म्हटलं, मला विश्रांती नको आहे.

ते म्हणाले, ठीक आहे, मार्चमध्ये प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक येतील. ते वर्गाबद्दल काय लिहितात ते पाहू आणि मग ठरवू. ते हे अगदी मायेने बोलले. दिवसातले त्या वर्गाचे दोन तासच असे होते की ज्यांत मला घराची आठवण येत नसे. ग्रंथालयात आमच्याकडे कुणी येत नाही. तिथे बसून मी दिवसभर काय केलं असतं ते मला माहीत होतं. आणि माझ्या ड्रॉवरमध्ये त्या वेळी बावीस पेपर पडले होते. परीक्षकाने वर्गाला तोंडी हाच एक प्रश्न विचारला असता, तर काम संपलं होतं.

मी ठरवलं, पेपर परत द्यायचे नाहीत. रागवायचं नाही. उत्तरही सांगायचं नाही. सांगितलेलं मुलं पाठ करतात. एकदा चुकीचं पाठ केलेली मुलं दुसऱ्यांदा बरोबर पाठ करतील, एवढंच होईल. त्यांनी स्वतः प्रयोग करून पाहावं. मी नुसता उभा राहीन.

प्रयोग जुनाच आहे. अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरला आंबटपणा देतं ते, एकत्र ठेवलं की त्यांतून इथाइल ॲसिटेट आणि पाणी तयार होतं. इथाइल ॲसिटेटला गोडसर वास येतो. पण ही क्रिया फार सावकाश होते. त्यात हायड्रोक्लोरिक ॲसिड घातलं की ते उत्प्रेरकाचं काम करतं आणि काही दिवसांत समतोल येतो. मी दोघादोघांच्या अकरा जोड्या केल्या. प्रत्येक जोडीला दोन बाटल्या. दोन्हींत अल्कोहोल आणि ॲसिटिक ॲसिड सारखं. एकीत हायड्रोक्लोरिक थोडं, दुसरीत त्याच्या तिप्पट. त्याच्याबरोबर पाणीही जातं, म्हणून पहिलीत तेवढं पाणी वरून घालून दोन्हींतलं पाणी सारखं करायचं. मग बुचं घट्ट लावून बारा दिवस कपाटात. नंतर अल्कली घालत जाऊन, रंग गुलाबी होईपर्यंत, किती ॲसिड उरलं ते मोजायचं. त्यातून हायड्रोक्लोरिकच्या वाट्याची अल्कली वजा केली की उरलेलं ॲसिटिक कळतं. दोन्ही बाटल्यांत ते सारखं यायला हवं. उत्प्रेरक तिप्पट, समतोल तोच.

तिसरी बाटली मी माझ्यासाठी भरली. तीत उत्प्रेरक घातलाच नाही.

संक्रांत नुकतीच झाली होती. गोविंद नावाचा मुलगा, वर्गाचा पुढारी, त्याने घरून उरलेला मांजा आणून बाटल्यांची बुचं बांधली. अकरापैकी सहा जोड्यांची बोटं कापली. प्रयोगशाळेचा भंवरलाल आयोडीनची बाटली घेऊन फिरत होता आणि म्हणत होता की पतंगाचा दोरा पतंगाला बांधावा.

मी मुलांना म्हटलं, काय येणार ते मी सांगणार नाही. तुम्हीच बघा आणि मला सांगा. हे ऐकून मुलांनी एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, कुतूहल जागं झालं.

बारा दिवसांनी बाटल्या उघडल्या. प्रयोगशाळेत गोड वास सुटला. मी मुद्दाम दाराशी उभा राहिलो, ढवळाढवळ नको म्हणून. अडीच तासांनी अकरा वह्या माझ्या टेबलावर आल्या.

अकराही जोड्यांत जास्त उत्प्रेरकाच्या बाटलीत ॲसिटिक ॲसिड कमी उरलं होतं. म्हणजे समतोल पुढे सरकला होता. म्हणजे त्यांचं वाक्य खरं होतं.

मी आकडे परत पाहिले. फरक कुठे दीड मिलिलिटर, कुठे दोन, कुठे सव्वादोन. प्रयोगात जशी थोडीफार चूक व्हावी तशी ती पसरलेली होती. एकालाही उलटा फरक आला नव्हता. गोविंदने अदबीने विचारलं, "सर, बरोबर आलं ना?" मी म्हटलं, बघतो.

त्या रात्री मला झोप आली नाही. बायको गेल्यापासून झोप येत नसे हे खरं, पण ती जाग वेगळी. ही रसायनाची होती. एकोणीस वर्षं मी शिकवतो आहे की उत्प्रेरक समतोल हलवत नाही. तो हलला तर जगात फार गडबड होईल. हे मी सुमित्राला सांगितलं असतं, तर ती म्हणाली असती की आधी जेवून घ्या, मग जगाचं बघू. तिचा कुठल्याही शास्त्राशी संबंध नव्हता, पण मी अडलो की तिच्या एका वाक्याने गाडी सुरू होत असे. आमच्या ओळखीतले लोक तिला गमतीने माझी कॅटॅलिस्ट म्हणत. मला ते पटत नसे. उत्प्रेरक क्रियेत भाग घेतो पण शेवटी होता तसाच परत मिळतो. तेवीस वर्षं माझ्याबरोबर राहून कुणी होतं तसं राहत नाही.

रविवारी सकाळी मी प्रयोगशाळा उघडली. भंवरलाल आमेरला राहतो, पण माझ्याकरता तो बसने आला. मुलांच्या बाटल्यांत मिश्रण बरंच उरलं होतं. मी बावीसही बाटल्या स्वतः मोजल्या. प्रत्येक जोडीतल्या दोन्ही बाटल्यांत ॲसिटिक ॲसिड सारखंच निघालं. निसर्ग जागेवर होता. मला इतकं बरं वाटलं की मी भंवरलालला सगळं समजावून सांगितलं.

तो बाटल्या धूत ऐकत होता. म्हणाला, "माट्साब, आमच्या आमेरच्या घाटीत समजा सडक खाली कापून काढली. जयपूरला जाणाऱ्याची चढण वाचली, तशी येणाऱ्याचीही वाचली. म्हणून काय सगळं आमेर जयपूरला राहायला जाईल?"

मी म्हटलं, हेच. हेच बावीस जणांना कळत नाही.

"कळतं त्यांना," भंवरलाल म्हणाला. मग तो नुकतीच धुतलेली बाटली परत धुवू लागला.

मी विचारलं, काय कळतं? तो म्हणाला, मी पडलो अडाणी माणूस. एवढ्यावर तो थांबला आणि पुढे काही केल्या बोलेना.

सोमवारी मी गोविंद आणि मालनला बोलावलं. वही पुढे केली आणि म्हटलं, हायड्रोक्लोरिकच्या वाट्याची अल्कली तुम्ही दीड-दोन मिलिलिटर जास्त वजा केली आहे. अकराही जोड्यांनी. एकाने केली तर चूक. अकरांनी केली तर काय म्हणायचं?

गोविंद माझ्या बुटांकडे पाहू लागला. मालनची मराठी घरातली आणि अर्धी. तिचा जन्म जयपूरचा. पण माझ्याशी ती नेहमी मराठीतच बोलायची.

"सर, तुम्ही रागावणार नाही ना?"

मी म्हटलं, रागावण्याजोगं असेल तर रागावेन.

तिने पिशवीतून नोट्सची वही काढली, मधलं एक पान उघडलं आणि माझ्यासमोर ठेवलं. तिचं अक्षर सुरेख. वर तारीख होती, १ सप्टेंबर १९६०, गुरुवार. खाली मी सांगितलेल्या नोट्स. तिसऱ्या ओळीत ते वाक्य होतं. "हे उघड आहे की" पासून सगळं. आता मला कळलं की त्याची बांधणी मला का आवडली होती.

एकतीस ऑगस्टला सुमित्राचं तेरावं झालं. एक तारखेला मी कॉलेजात हजर झालो. त्या दिवसाचं मला एवढंच आठवतं, की कोटाचं एक बटण खालच्या काजात गेलं होतं आणि ते संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं. तास घेतल्याचं मला आठवत नाही.

मी म्हटलं, "मग कुणी विचारलं का नाही?"

"मी हात वर केला होता, सर. मतलब, विचारणारच होते." ती वहीकडे बघू लागली. "तुम्ही म्हणालात, काय गं सुमित्रा."

गोविंद अजून बुटांकडेच पाहत होता.

"मग मी खाली बसले," मालन म्हणाली.

मी चष्मा पुसला. तो पुसायला हवाच होता. मग उरलेली हकीकत गोविंदने हिंदीत सांगितली, आणि ती ऐकून मला कुठे पाहावं ते कळेना. तास संपल्यावर सगळा वर्ग व्हरांड्यात थांबला होता. ठरलं असं की सरांना हे कधी सांगायचं नाही. माणूस दुःखात आहे. आणखी आपली चूक झाली असं त्यांना कळायला नको. म्हणून उत्तरं दोन ठेवायची. एक सरांचं, एक पुस्तकाचं. सरांच्या परीक्षेत सरांचं लिहायचं, विद्यापीठाच्या परीक्षेत पुस्तकाचं. सहामाही सरांची होती. म्हणून तिथे ते वाक्य, आणि कुणाच्या हातून त्यातला शब्द बदलून सरांना शंका येऊ नये म्हणून सगळ्यांनी पाठ करून.

मी म्हटलं, आणि बाटल्या?

तो म्हणाला, तुम्ही सांगितलंत की काय येणार ते सांगणार नाही. आम्हाला वाटलं, तुम्हाला तुमचं वाक्य खरं ठरवायचं आहे. ते खोटं ठरलं असतं तर तुम्हाला वाईट वाटलं असतं. पहिल्यांदा प्रत्येकाला आकडे सारखेच आले होते, सर. मग आम्ही ते पुढे सरकवले. सगळ्यांचे नेमके दोन सरकले तर बनावट दिसेल, म्हणून मी प्रत्येकाला वेगळा फरक वाटून दिला.

"आणि तोंडी परीक्षेला काय करणार होतात? तिथे बाहेरचा परीक्षक असतो आणि शेजारी मीही असतो."

गोविंदचा चेहरा खरोखर दुःखी झाला. ते दिवाळीपासून ठरत नव्हतं. मतदान घेतलं होतं. अकरा मतं सरांच्या उत्तराला, अकरा पुस्तकाच्या.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेलो आणि सांगितलं, एक सप्टेंबरला मी चुकीचं सांगितलं. ते वाक्य कापा. उत्प्रेरक दोन्ही बाजूंची चढण सारखीच कमी करतो. वेग वाढतो, दोन्हीकडचा. समतोल हलत नाही. सहामाहीचा चौथा प्रश्न मी रद्द केला आहे. उरलेल्या प्रश्नांवरून गुण धरले आहेत.

कुणी वाक्य कापेना. मला नंतर समजलं की त्यांना ही परीक्षा वाटली. काहींना तर वाटलं की सरांचं आज पुन्हा बिनसलं आहे. शेवटी मी बाकाबाकाशी जाऊन प्रत्येकाच्या वहीतलं ते वाक्य स्वतः लाल पेन्सिलीने कापलं. बावीस वेळा स्वतःची चूक कापायला पंधरा मिनिटं लागतात. मालनच्या वहीपाशी मी वाक्य कापलं आणि तारीख तशीच ठेवली.

मार्चमध्ये परीक्षक आले. डॉक्टर रंगनाथ देव, इंदूरचे. किडकिडीत माणूस, कपाळावर आठी कायमची. त्यांच्याबद्दल अशी ख्याती होती की ते मुलांना प्रश्न विचारत नाहीत, खड्डा खणून ठेवतात. आल्या आल्या त्यांनी मराठीत मला सांगितलं की चहा, नाश्ता, आमेरचा किल्ला, यातलं काही नको. मुलं आणा.

पहिला मुलगा आत आला. देवांनी विचारलं, उत्प्रेरकाने समतोलाचं काय होतं? मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. तो म्हणाला, हलत नाही. दुसरा आला. त्यानेही बोलण्याआधी माझ्याकडे पाहिलं. सात महिन्यांची सवय होती. सर समोर असले की कुठलं उत्तर, हे बघून घ्यायचं.

"हे तुमच्याकडे का बघतात?" देवांनी मला विचारलं. "खुणा ठरल्यात का?"

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, तर मग तुमची हरकत नसावी. आणि त्यांनी माझी खुर्ची उचलून कपाटाच्या दिशेला वळवली. पुढची सगळी परीक्षा मी कपाटाकडे तोंड करून ऐकली. कपाटात माझी तिसरी बाटली होती. आमच्या दोघांचंही काही हलत नव्हतं.

मालन आली. देव म्हणाले, समतोलाला पोचलेलं मिश्रण आहे. त्यात मी आणखी उत्प्रेरक टाकला. काय दिसेल?

ती म्हणाली, काहीच नाही दिसणार.

म्हणजे क्रिया थांबली?

"नाही सर. दोन्हीकडून चालूच आहे. आता दोन्हीकडून जास्त वेगाने. सारख्या वेगाने, म्हणून दिसत नाही."

उत्प्रेरक रेणूंना ऊर्जा देतो, म्हणून ते चढण चढतात. बरोबर?

ती म्हणाली, नाही. रेणूंकडे ऊर्जा आहे तेवढीच राहते. वाट कमी उंचीची मिळते, म्हणून आहे त्याच ऊर्जेत जास्त रेणू ओलांडून जातात. चढणीच्या अलीकडची आणि पलीकडची जमीन होती तिथेच राहते, म्हणून क्रियेतून बाहेर पडणारी उष्णताही बदलत नाही.

देवांनी खड्डा खोल केला. समजा, मी म्हणतो की समतोल थोडासा सरकतो. अगदी थोडासा. एवढ्याशाने काय बिघडणार आहे?

मालन म्हणाली, तर सर, एक घन उत्प्रेरक डबीत घालून मिश्रणात ठेवायचा. झाकण उघडलं की समतोल पुढे जाईल, मिटलं की मागे येईल. जाता-येता आपण त्याच्याकडून काम करून घेऊ. दरवेळी फुकट. मग रेल्वेला कोळसा लागणार नाही. एक माणूस बसून डबीचं झाकण उघड-मीट करेल आणि गाडी दिल्लीला पोचेल. तसं होत नाही, म्हणजे समतोल थोडासाही सरकत नाही.

हे मी शिकवलेलं नव्हतं. माझ्या मागे पेन चालल्याचा आवाज आला.

गोविंदला देवांनी वेगळंच विचारलं. म्हणाले, तुमच्या प्रयोगात एखाद्याला उत्प्रेरक वाढवल्यावर समतोल सरकलेला दिसला, तर त्याची चूक कुठे झाली असेल? एखादी जागा सांगितलीस तरी चालेल.

गोविंदला असा प्रश्न आयुष्यात पहिल्यांदाच मिळाला असावा, ज्याची त्याने मनापासून तयारी केली होती. हायड्रोक्लोरिकच्या वाट्याची अल्कली वजा करायला विसरलं की ॲसिड जास्त उरल्यासारखं दिसतं. जास्त वजा केली की कमी दिसतं. दोन्ही बाटल्यांतलं पाणी सारखं केलं नाही तर समतोल खरोखरच सरकतो, पण तो पाण्याने, उत्प्रेरकाने नाही. कमी उत्प्रेरकाची बाटली पोचायच्या आत उघडली तर मागे राहिलेली दिसते, आणि लोकांना वाटतं की तिचा समतोलच तिथे आहे. वेग आणि समतोल यांचा घोटाळा होतो तो इथेच, सर. बूच सैल असलं तर इथाइल ॲसिटेट उडून जातं. गुलाबी रंग जरा आधी धरला तर... तो नऊ जागांपर्यंत पोचला. प्रत्येक जागी किती मिलिलिटरचा फरक पडतो तेही त्याने सांगितलं.

"हे तुला कुणी शिकवलं?" देव म्हणाले.

"सरांनी."

"कुठल्या पुस्तकातून?"

"नोट्स," गोविंद म्हणाला, आणि त्याने जीभ चावली.

देवांनी नोट्सची वही मागितली. बाहेर धावपळ झाली. वही आली ती मालनची. बाकीचे द्यायला तयार नव्हते, किंवा तिचं अक्षर बरं म्हणून. मी कपाटाकडे पाहत पानं उलटल्याचं ऐकत होतो. पान थांबलं.

देवांनी ते कापलेलं वाक्य मोठ्याने वाचलं. "हे उघड आहे की." मग म्हणाले, "हे कुणाचं?"

मी खुर्ची वळवली. म्हटलं, "माझं. मीच सांगितलं होतं. चूक आहे. मुलांची नाही."

ते तारखेकडे पाहत होते. "लाल पेन्सिलीने कापलंय कुणी?"

"मीच. फेब्रुवारी लागता लागता."

"सप्टेंबर ते फेब्रुवारी मुलांनी काय केलं?"

मी त्यांना सांगितलं. सगळं नाही. एकतीस ऑगस्टला बायकोचं तेरावं होतं, हे सांगितलं. दोन उत्तरं, अकरा अकरा मतं आणि वाटून दिलेला फरक सांगितला. सुमित्रा म्हणून हाक मारल्याचं सांगितलं नाही. ते माझं आणि मालनचं आहे.

देवांच्या कपाळावरची आठी होती तशीच राहिली, पण खालचा चेहरा हलला. ते म्हणाले, "खांबेटे, मी तीस वर्षं परीक्षा घेतोय. बरोबर उत्तर येणारे वर्ग पुष्कळ पाहिले. चुकीचं उत्तर इतकं नीट येणारा हा पहिलाच." मग वही मिटून म्हणाले, चहा मागवा. आणि त्या आमेरला बस कितीला असते?

भंवरलाल त्यांना किल्ल्यावर घेऊन गेला. वाटेत घाटी दाखवून त्याने त्यांना सडक खाली कापायचं उदाहरण सांगितलं असणार. तो ते आता सगळ्यांना सांगतो.

देवांनी काय लिहिलं ते मी वाचलं नाही. माथुरसाहेबांनी एप्रिलमध्ये बोलावून एवढंच सांगितलं की शेवटचा वर्ग तुमच्याकडेच राहील, ग्रंथालय संस्कृतच्या शास्त्रीजींना दिलं आहे. तुम्हाला विश्रांती मिळाली असती, असंही म्हणाले. मग माझ्या कोटाकडे पाहून, बटणं मोजल्यासारखं करून, हसले.

मालन आणि गोविंद दोघंही चांगल्या गुणांनी पास झाले. मालन पेढे घेऊन घरी आली. तिने मराठीत एक वाक्य पाठ करून आणलं होतं, ते अर्ध्यात विसरली, आणि बाकीचं हिंदीत म्हणाली. घरात वाटी कुठे आहे ते मला सापडेना, म्हणून पेढे कागदावरच खाल्ले. जाताना तिने विचारलं की सर, तुमच्या तिसऱ्या बाटलीचं काय झालं.

ती अजून कपाटात आहे. दर महिन्याच्या एक तारखेला मी तिच्यातलं थोडं काढून मोजतो. उत्प्रेरक नसल्यामुळे ती फार मागे आहे. बाकीच्या बाटल्या बारा दिवसांत जिथे पोचल्या तिथे तिला पोचायला बरीच वर्षं लागतील. पण गेल्या महिन्यात ॲसिड किंचित कमी भरलं. इतकं किंचित, की माझ्या मोजण्यातली चूकही असू शकेल. वहीत मी दोन्ही शक्यता लिहून ठेवल्या आहेत.